वेशांतर आणि रोझलिंडचे चार थर

> «नायिका पुरुषवेष घेते, शेवटी खरी ओळख उघड होते. मग लिंगभाव हा अभिनय आहे असं यातून कसं दिसतं?»

उत्तर उलगड्यात नाही, मधल्या भागात आहे. शेक्सपिअरचं ‘ॲज यू लाइक इट’ (साधारण 1599) घ्या. त्या काळी इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रीभूमिका मुलगे करत. म्हणजे मुलगा रोझलिंड होतो, रोझलिंड गॅनिमीड नावाचा तरुण होते आणि तो तरुण रोझलिंडच्या प्रेमात पडलेल्या ऑर्लँडोचं प्रेमवेड उतरवायला ‘रोझलिंड’ बनून दाखवतो. हा चौथा थर मला सगळ्यात मोलाचा वाटतो. लहरी, रुसवी, क्षणात बदलणारी ही ‘बाई’ म्हणजे पुरुषांच्या डोक्यातली बाई, आणि ती खुद्द एक बाई वठवते आहे.

चौथ्या अंकात ऑर्लँडोचा रक्ताळलेला रुमाल पाहून गॅनिमीडच्या वेशातली रोझलिंड कोसळते. मर्दानी सोंग तिथे गळतं. सावरताच ती म्हणते, मूर्च्छेचं सोंग किती छान वठलं! त्यावर ऑर्लँडोचा भाऊ ऑलिव्हर म्हणतो, धीर धर, आता पुरुष असल्याचं सोंग आण. त्याने नकळत नेमकं बोट ठेवलं आहे: त्याच्या लेखीही पुरुषपण आणता येण्याजोगं आहे.

प्रयोगात घोटाळा होतो तो बहुधा इथेच. नटी पहिल्यापासून जाड आवाज आणि फाकलेली चाल धरून बसली, तर तिसरा आणि चौथा थर एकच दिसतो. चाल गॅनिमीडची ठेवून फक्त बोलण्याची लय बदलली, की दोन्ही एकाच वेळी दिसतात.