मदत हवी आहे: इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये घरचे केक, हे बिझनेस की प्रोफेशन? आणि खर्च कुठले धरायचे?

केकवाली_नाशिक: नमस्कार मंडळी, मी घरूनच केक करते. 2024-25 मध्ये 6,20,000 ची विक्री झाली, त्यातले 5,40,000 यूपीआयने आले, बाकी 80,000 रोख. मैदा, क्रीम, बॉक्स, डिलिव्हरी सगळं वहीत लिहिलंय, ते 3,40,000 होतं. नोव्हेंबरात 42,000 चा ओव्हन घेतला तो यात धरला नाहीये. मैत्रीण म्हणते प्रोफेशन दाखव, निम्मे पैसे खर्चात जातात. खरंय का? आणि लाईट बिल घरचंच आहे त्याचं काय करायचं?

काका_पुणेकर: बरोबर सांगतेय मैत्रीण. इन्कम टॅक्सचं कलम 44एडीए, खर्चाचा हिशोब न देता फीच्या 50 टक्के नफा धरायचा. माझा भाचा दरवर्षी तेच करतो, सॉफ्टवेअरची कामं घेतो घरून.

हिशोबवही: काका, म्हणूनच त्याला चालतं. डॉक्टर, वकील, सीए, इंजिनिअर, आयटी अशी ठरलेली यादी आहे, केक त्यात नाही. हा सरळ बिझनेस. मग ताई, छोट्या बिझनेससाठीचं कलम 44एडी घ्या, त्यात विक्रीच्या ठरावीक टक्के नफा धरतात, नाहीतर खरा हिशोब दाखवा. 44एडीत यूपीआयवर 6 आणि रोखीवर 8 टक्के, म्हणजे 32,400 अधिक 6,400, कमीत कमी 38,800 नफा दाखवावा लागतो, आणि मग ओव्हन, लाईट काहीच वेगळं वजा होत नाही.
खऱ्या हिशोबात आयटीआर-3 हा फॉर्म, ओव्हन आणि लाईट वजा करायच्या आधी नफा 2,80,000. ओव्हनचे 42,000 एकदम खर्चात टाकता येत नाहीत, घसारा, म्हणजे वस्तू जुनी होते त्याची दरवर्षीची वजावट, 15 टक्के, आणि 180 दिवसांपेक्षा कमी वापरलात म्हणून निम्मा, म्हणजे 3,150. लाईट बिल सगळं नाही, ओव्हनपुरतंच. एक सबमीटर लावून घ्या, महिन्याचं रीडिंग वहीत टाकत जा, कुणी विचारलं तर दाखवायला हातात काहीतरी राहतं.

केकवाली_नाशिक: पण वहीत 2,80,000 उरलेले दिसतायत आणि मी 38,800 लिहू? मनाला पटत नाही.

हिशोबवही: कायद्यात 8 किंवा 6 टक्के "किंवा त्याहून जास्त कमावल्याचं सांगाल ते" असं आहे. काही सीए म्हणतात किमान आकडा पुरे, काही म्हणतात खरं जास्त असेल तर तेच लिहा. मी दुसऱ्या बाजूचा.

शिकवणी_सातारा: माझंही सांगा ना, दहावीच्या शिकवण्या घेते घरी, फी 2,70,000. शिक्षकी म्हणजे प्रोफेशनच ना, मग 50 टक्के?

हिशोबवही: प्रोफेशन म्हणा हवं तर, पण त्या यादीत शिकवणी नाही, त्यामुळे 44एडीए नाही. पुष्कळ जण 44एडीत भरतात, पण शिकवणं बिझनेस आहे का यावर मतं वेगळी आहेत. झेरॉक्स, पुस्तकं, फळा यांच्या पावत्या असतील तर खरा हिशोब बरा.

काका_पुणेकर: पण लोन घ्यायचं असेल तर नफा जास्तच दिसलेला बरा, बँक तेच बघते.

केकवाली_नाशिक: काका, मोठं किचन करायचंय म्हणून लोनच घ्यायचंय पुढच्या वर्षी. मग 2,80,000 चाच हिशोब लावते. सबमीटर घरच्या बोर्डावर कुठलाही वायरमन लावून देतो का?