पहिला मेसेज फक्त ‘नववी’. पुढं काय विचारू? मदत हवी आहे

परभणीजवळच्या गावात संध्याकाळी पोरांच्या गणिताच्या शंका व्हॉट्सअ‍ॅपवर सोडवतो. पुष्कळदा पहिला मेसेज एवढाच: ‘नववी’. आधी नाव, माध्यम, विषय, धडा सगळं एकदम विचारायचो. उत्तरच यायचं नाही. मग नुसता विषय विचारला. एकीनं ‘गणित’ लिहिलं, मी ‘संच’ मराठीत समजावला, आणि ती निघाली सेमीची. तिच्या पुस्तकात सगळं ‘सेट’, ‘सबसेट’. तिचा अर्धा तास गेला, फार वाईट वाटलं. फोन वडिलांचा, तासभरच हाती येतो, म्हणून दोनच प्रश्न परवडतात. अडलेल्या पानाचा फोटो मागितला की माध्यम, विषय, धडा तिन्ही कळतात. पण कुठं अडलं विचारलं की ‘सगळंच’ येतं. दुसरा प्रश्न कोणत्या शब्दांत विचारू, की पोरं अडलेली नेमकी ओळ सांगतील?