मदत हवी आहे: गिळण्याच्या त्रासाचं रेफरल लेटर कसं लिहू?
मी रत्नागिरीत डाएटिशियन आहे, एका आजोबांना स्ट्रोक येऊन 3 आठवडे झालेत, त्यांच्यासाठी स्पीच थेरपिस्टला लेटर लिहितेय. दोन जेवणं शेजारी बसून बघितली. घट्ट पेज नीट जाते पण पाणी नि सोलकढी दिली की दोन-तीन घोटांत ठसका आणि मग आवाज ओलसर, घशात पाणी गुळगुळल्यासारखा. भात उजव्या गालात साठतो, जेवून 10 मिनिटं झाली तरी तिथेच! घरचे म्हणतात काटा अडकला असेल (मासा काटे काढूनच देतात ओ). अर्ध्या ताटाला पाऊण तास, वजन 3 किलो उतरलंय.
आता लेटरात सरळ ‘अ‍ॅस्पिरेशन’ लिहू की दिसलं तेवढंच? निदान माझं काम नाही ना. आणि तपासणी होईस्तोवर पाणी घट्ट करून द्यायचं का हे त्याच लेटरात विचारू की आधी डॉक्टरांना?