मदत हवी आहे: २ जीबी रॅमचा फोन, ड्राइव्हचं अ‍ॅप ठेवू की ब्राउझरवर भागेल?

डबेवाली_सुदामानगर

नमस्कार मंडळी. इंदूरला घरून डबे देते. आमच्या सीएंनी गूगल ड्राइव्हच्या एका फोल्डरची लिंक पाठवली आहे आणि किराण्याची, गॅसची बिलं त्यातच टाका म्हणाले आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोतले आकडे त्यांना वाचता येत नाहीत.

माझा फोन २ जीबी रॅमचा, जागा १६ जीबी, त्यातली जेमतेम ३०० एमबी रिकामी. ड्राइव्हचं अ‍ॅप फोनबरोबरच आलेलं आहे, पण जागा नाही म्हणून अपडेट होत नाही. मग ते डिसेबल केलं आणि क्रोममधून प्रयत्न केला. अपलोड दाबते, कॅमेरा निवडते, बिलाचा फोटो काढून बरोबरची खूण दाबते. परत आले की पान पहिल्यापासून लोड होतं आणि फोटो कुठेच नसतो. गॅलरीतही नाही! नेट चांगलं आहे. जेल रोडवर एका दुकानात दाखवला तर "फोनच बदलून टाका दीदी" म्हणाले. दिवाळीपर्यंत ते जमणार नाही.

ब्राउझरवर भागेल का? की हलकं दुसरं काही अ‍ॅप आहे?

भियाराम

अहो ताई, रॅम क्लीनर टाका एखादा. मी तर रोज रात्री सगळ्या अ‍ॅपची कॅशे साफ करतो, फोन मख्खन चालतो. आणि ड्राइव्हवर चढवल्यावर गॅलरीतून फोटो डिलीट करू नका हं, वरूनही उडतो. माझ्या भाच्याच्या लग्नाचे फोटो असेच गेले.

खटपट्या

भिया, भाच्याचे फोटो गूगल फोटोजमध्ये असणार. त्या अ‍ॅपमध्ये बॅकअप चालू असताना फोटो डिलीट केला की फोनमधला आणि वरचा दोन्ही जातात. तिथे जागा मोकळी करायला वेगळं बटण आहे, 'फ्री अप स्पेस', त्याने फक्त फोनमधली प्रत जाते. ड्राइव्हमध्ये तुम्ही हाताने चढवलेली फाइल मात्र स्वतंत्र प्रत असते. गॅलरीतलं बिल पुसलं तरी तिला धक्का लागत नाही. फक्त फाइल खरंच चढली आहे ना, ते आधी उघडून बघायचं.

क्लीनरचं अजिबात ऐकू नका. ते स्वतःच मागे चालत बसतं आणि उरलेली रॅम खातं.

आता ताईंचं. तुमचं पान नेटमुळे उडत नाही, रॅममुळे उडतं. क्रोममधून कॅमेरा उघडला की २ जीबीत दोघं मावत नाहीत. अँड्रॉइड समोरच्या कॅमेऱ्याला जागा करून द्यायला मागचं क्रोम बंद करतं. तुम्ही परतता तेव्हा क्रोम नव्याने सुरू होतं, आणि कोणाला फोटो हवा होता हे त्याच्या लक्षात राहिलेलं नसतं. असा काढलेला फोटो क्रोमच्या आतल्या तात्पुरत्या जागेत जातो, म्हणून गॅलरीतही सापडत नाही.

तेव्हा अपलोडच्या यादीतून कॅमेरा कधीच निवडू नका. आधी नेहमीच्या कॅमेऱ्याने सगळी बिलं काढा, कॅमेरा रीसेंटमधून सरकवून बंद करा, मग क्रोममध्ये जाऊन 'फाइल्स'मधून निवडा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटोचा आकार ५ मेगापिक्सेलच्या आसपास ठेवा. बिलाला त्याहून जास्त लागत नाही, आणि लहान फाइल लवकर चढते. चढत असताना स्क्रीन बंद होऊ देऊ नका, दुसरं अ‍ॅपही उघडू नका. टॅब मागे गेला की अपलोड अर्ध्यावर तुटू शकतं.

ग्वाल्हेरची_वैशाली

माझंही ड्राइव्ह भरलं आहे, १५ जीबी संपले असा मेल येतो. मेमरी कार्ड टाकलं तर ते वाढतील का?

खटपट्या

नाही, ते १५ जीबी गूगलच्या खात्यातले आहेत. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिघांत मिळून. कार्डाने फक्त फोनची जागा वाढते. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

डबेवाली_सुदामानगर

आधी फोटो काढून मग निवडला, चढला! पण पाच-सहा एकदम निवडले की पान पुन्हा उडतं. आणि डेस्कटॉप साइट केल्याशिवाय मला अपलोडचं बटणच सापडत नाही. ती केली की अक्षरं मुंगीएवढी.

खटपट्या

डेस्कटॉप साइटचं पान जड असतं, रॅम आणखी खातं. म्हणून माझं मत असं की फाइल नुसती बघायची असेल तर ब्राउझर उत्तम, पण नेहमी चढवायच्या असतील तर अ‍ॅपच ठेवा. अ‍ॅप चढवण्याचं काम मागे चालू ठेवतं, तुटलं तर बहुधा स्वतःच पुन्हा सुरू करतं. शिवाय ते उघडावंही लागत नाही. गॅलरीत फोटो निवडून शेअर, मग ड्राइव्ह, मग फोल्डर. संपलं.

त्यासाठी आधी जागा करावी लागेल. ३०० एमबी म्हणजे अँड्रॉइडच्या दृष्टीने फोन भरलाच. अपडेट उतरवायला आणि मग उलगडायला अशी दोनदा जागा लागते.

तुमची जागा कुठे गेली याचा मला एक अंदाज आहे. तुम्ही आजवर बिलं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलीत ना? व्हॉट्सअ‍ॅप पाठवलेल्या प्रत्येक फोटोची, व्हिडिओची वेगळी प्रत 'सेंट' फोल्डरमध्ये ठेवतं. तो फोल्डर गॅलरीला दिसत नाही, त्यामुळे कोणी साफ करत नाही. फाइल्स अ‍ॅपमध्ये इंटरनल स्टोरेज उघडा आणि या वाटेने जा:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images/Sent
```

WhatsApp Video मध्येही असाच Sent आहे. आतलं पुसण्याआधी एकदा नजर टाका. पुसलेला फोटो तुमच्या चॅटमध्येही उघडणार नाही, समोरच्याकडे मात्र राहतो.

ड्राइव्ह एनेबल करून अपडेट झालं की त्याच्या सेटिंगमधून अधूनमधून कॅशे साफ करा. आणि 'ऑफलाइन उपलब्ध' कुठल्याच फाइलला करू नका, ती प्रत तुमच्या फोनची जागा खाते.

बडोदेकर_मामी

मी एवढ्या भानगडीत पडतच नाही. जीमेलला जोडून पाठवते. २५ एमबीपर्यंत जातात, सहा-सात बिलं आरामात. सीए बसतील त्यांचे त्यांचे फोल्डर लावत. पैसे घेतात की!

भियाराम

मामींचं खरं. पण क्लीनर वाईट नसतं, एवढंच म्हणेन.

डबेवाली_सुदामानगर

खटपट्यादादा, सेंट व्हिडिओमध्ये दीड जीबी निघाले! सगळे सोसायटीच्या गणपतीचे, मीच पुढे ढकललेले. अ‍ॅप अपडेट झालं. शेअर करून ड्राइव्ह येतं, पण फोल्डर निवडताना फक्त माझं ड्राइव्ह दिसतं, सीएंचा फोल्डर नाही.

खटपट्या

ड्राइव्ह अ‍ॅपमध्ये 'शेअर्ड' टॅबवर तो फोल्डर शोधा, तीन ठिपके, 'अ‍ॅड शॉर्टकट', माय ड्राइव्ह. मग निवडताना समोरच येईल. तरी फाइल टाकता आली नाही तर सीएंनी तुम्हाला फक्त बघण्याची परवानगी दिली असेल, एडिटर करायला सांगा. आणि हो, तुम्ही टाकलेली बिलं त्यांच्या फोल्डरमध्ये असली तरी तुमच्या १५ जीबीतून मोजली जातात.

डबेवाली_सुदामानगर

शॉर्टकट आला, पण आत गेलं की 'सेव्ह' दाबताच येत नाही. म्हणजे परवानगीच असावी. उद्या ऑफिस उघडलं की फोन करते. तोवर आजची बिलं मामींच्या पद्धतीने मेल केली.