दुर्बिणीत आतडं स्वच्छ दिसलं, तरी जुलाब थांबेनात… असं कुणाकुणाचं झालंय?

सांजवेळ

परवा कपाट आवरताना आईची जुनी वही हाती लागली. तारीख, वेळ आणि पुढे एकच अक्षर, "पा". म्हणजे पाणी. एका पानावर रात्रीच्या नोंदी होत्या: 1.50 पा, 3.20 पा, 4.45 पा, आणि खाली बारीक अक्षरात "चादर बदलली". ते पान वाचून मी तिथेच खाली बसले.

आई तेव्हा 64 वर्षांची होती. दिवसाला सात-आठ वेळा नुसतं पाणी. रक्त नाही, ताप नाही, वजन मात्र उतरत चाललेलं. कोलोनोस्कोपी झाली, रिपोर्ट आला "नॉर्मल". आम्हाला सांगितलं की आतड्यात काही दोष नाही, मनाचा ताण आहे. आईने ते खरं मानलं आणि कुणाला सांगायचंच बंद केलं. बाहेर जाणं सुटलं.

नऊ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी जुना रिपोर्ट वाचून एकच प्रश्न विचारला, "तुकडे घेतले होते का?" नव्हते घेतले. आतडं छान गुलाबी दिसतंय, मग कशाला घ्यायचे, असं झालं असावं. पुन्हा तपासणी केली. याही वेळी डोळ्यांना सगळं स्वच्छच दिसलं, पण उजव्या आणि डाव्या दोन्ही बाजूंचे तुकडे पाठवले. निदान आलं कोलॅजिनस कोलायटिस, म्हणजे मायक्रोस्कोपिक कोलायटिसचा एक प्रकार.

ज्यांनी हे सोसलंय किंवा घरात पाहिलंय त्यांनी लिहा. बिनधास्त लिहा, इथे लाजायचं काही नाही.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजीत आहे, हे तुकडे रोज बघते. ताई, तो प्रश्न विचारणारे डॉक्टर भेटले हे फार चांगलं झालं.

हा आजार भिंगाखालीच दिसतो. आतड्याच्या वरच्या थराखाली कोलॅजनचा एक पट्टा असतो, एरवी अगदी नाजूक. या आजारात तो दहा मायक्रॉनच्या वर जाड होतो. नेहमीच्या गुलाबी रंगात तो कधीकधी नजरेतून निसटतो. शंका आली की आम्ही ट्रायक्रोम रंग देतो, मग निळी फीत लावल्यासारखा उठून दिसतो. तुकडा तिरका कापला गेला तर साधा पट्टाही जाड भासतो, म्हणून एकाच जागेवरून ठरवत नाही. दुसऱ्या प्रकारात, लिम्फोसायटिकमध्ये, पट्टा बरा असतो पण वरच्या थरात लिम्फोसाइट घुसलेले असतात, शंभर पेशींमागे वीसहून जास्त.

बदल सगळीकडे सारखे नसतात. नुसते गुदाशयाचे तुकडे आले तर आजार हुकू शकतो. म्हणून उजव्या-डाव्या बाजूचे तुकडे वेगळ्या डब्यांत हवेत, आणि सोबतच्या कागदावर "पाण्यासारखे जुलाब" एवढं तरी लिहिलेलं हवं. नुसतं "कोलोन बायॉप्सी" लिहून आलं की आम्ही काय शोधायचं?

उंबरठा

माझ्या भावाला कोलायटिस आहे, रक्त पडतं, गोळ्या चालू आहेत. त्याने कॉफी सोडल्यावर बराच फरक पडला. सगळ्यांनी करून बघा.

काचपट्टी

@उंबरठा, रक्त पडत असेल तर त्यांचा आजार बहुधा वेगळा आहे, अल्सरेटिव्ह वगैरे. नाव सारखं आहे म्हणून घोळ होतो. मायक्रोस्कोपिकमध्ये सहसा रक्त नसतं. कॉफीने जुलाब वाढतात हे मात्र इथेही खरं.

उंबरठा

अच्छा. मला वाटलं कोलायटिस म्हणजे एकच. भावाला विचारते नेमकं नाव काय आहे ते.

पाऊलवाट_62

शौचाची कॅल्प्रोटेक्टिन चाचणी करा, नॉर्मल आली तर आतड्याला सूज नाही, विषय संपला. मी तेच केलं.

काचपट्टी

काका, क्रोन किंवा अल्सरेटिव्ह बाजूला ठेवायला ती चांगली आहे. पण या आजारात ती नॉर्मल किंवा थोडीशीच वाढलेली येऊ शकते, त्यामुळे तेवढ्यावर विषय संपत नाही. तुमचे जुलाब थांबले का?

पाऊलवाट_62

नाही ना. रात्री पण उठावं लागतं.

सांजवेळ

काका, रात्रीचं उठणं डॉक्टरांना मुद्दाम सांगा. आई तेच सांगायची राहिली होती, लाजेने.

दुपारचाचहा

घाईत लिहितेय, कुकर लावलाय. मला लिम्फोसायटिक निघालं, वय 51. डॉक्टरांनी आधी औषधांची यादी मागितली. गुडघ्यासाठी रोज डायक्लोफेनॅक आणि वर अॅसिडिटीसाठी लॅन्सोप्राझोल. दोन्ही संशयितांच्या यादीत! त्यांच्या सल्ल्याने दोन्ही बंद करून बदलून घेतली. काही आठवड्यांत रात्रीचं उठणं थांबलं, बाकी हळूहळू. मला स्टेरॉइड लागलंच नाही.

पण बहिणीच्या नवऱ्याने हे ऐकून आपली सर्ट्रालिनची गोळी परस्पर थांबवली. ती पण यादीत असते म्हणे. चार दिवसांत चक्कर, झोप उडाली, नुसती चिडचिड. तसं करू नका, ती डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असते. आणि त्याला जुलाब नव्हतेच!!

सांजवेळ

आईचंही लॅन्सोप्राझोलच होतं, वर्षानुवर्षं. ते बंद केलं, फरक पडला पण अर्धाच. मग ब्युडेसोनाइड, रोज 9 मिग्रॅ, आठ आठवडे. दुसऱ्या आठवड्यात वहीत पहिल्यांदा "पा" नसलेली रात्र आहे. तिने तिथे काही लिहिलं नाही, नुसती तारीख आणि एक रेघ.

नदीकाठ

ती रेघ वाचून डोळे भरून आले. काकू आता कशा आहेत?

सांजवेळ

बऱ्या आहेत गं. कोर्स संपल्यावर दोन महिन्यांत पुन्हा सुरू झालं होतं. आम्ही हबकलो, पण डॉक्टर म्हणाले औषध थांबवल्यावर असं बऱ्याच जणांचं होतं. पुन्हा 9, मग 6, आता 3 वर आहे.

नदीकाठ

माझ्या सासूबाईंचं 3 वरून शून्यावर जाताना दोनदा उलटलंय. हे औषध बहुतेक आतड्यातच काम करतं आणि यकृत उरलेलं बरंचसं निकामी करतं, म्हणून साध्या स्टेरॉइडपेक्षा सौम्य, असं सांगितलं. पण वर्षानुवर्षं घ्यायचं तर हाडांचं काय? त्यांची हाडं आधीच ठिसूळ. घनता तपासून घेतली, पुढचं ठरत नाहीये. कुणी कोलेस्टिरामाइन घेतलंय का सोबत?

रानवारा

मी घेते. पित्ताशय काढलंय, त्यात हे. पित्ताचे आम्ल मोठ्या आतड्यात जास्त उतरले तरी असेच जुलाब होतात आणि काहींना दोन्ही असतं. मला पुडीने निम्मा आराम पडला. पण बाकीच्या गोळ्या तिच्या एक तास आधी किंवा चार-सहा तासांनंतर, नाहीतर ती त्यांना धरून ठेवते. माझी थायरॉइडची गोळी अशीच वाया जात होती.

नदीकाठ

अय्या, सासूबाईंना पण थायरॉइड आहे. बरं झालं सांगितलंस. किती वाजता घेतेस तू?

रानवारा

थायरॉइड पहाटे, पुडी दुपारी. चव वाळूसारखी, आधीच सांगते.

धुकं

याचा पुढे कॅन्सर होतो का? आजी विचारतेय, तिला परवाच निदान झालं. रात्रभर झोपली नाही.

काचपट्टी

नाही, यामुळे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसत नाही. आजीला आत्ताच जाऊन सांगा. आणि सीलिॲकची रक्तचाचणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा, दोन्ही एकत्र असू शकतात. सिगारेट ओढतात का त्या?

धुकं

नाही ओढत. सांगितलं तिला. "मग आता झोपते" म्हणाली.

पाऊलवाट_62

माझा जुना रिपोर्ट काढून बघितला. त्यात "बायॉप्सी: नाही" असं लिहिलंय. सोमवारी जातो. सांजवेळ, वही कशी लिहायची ते सांगशील का बेटा?

सांजवेळ

तारीख, वेळ आणि पाणी की घट्ट, बस. रात्रीचं वेगळ्या रंगाने लिहा काका, आणि शेजारी चालू औषधांची नावं. डोकेदुखीची अधूनमधून घेतलेली गोळी पण.