चर्चा: पावसाच्या नोंदींतल्या -999 ला शून्य धरावं का?

धागाकर्ता: घाटमाथ्यावरच्या एका केंद्राचे 30 वर्षांचे रोजचे आकडे आहेत. नोंद नाही त्या दिवशी -999 लिहिलंय. माझं मत, तिथे सरळ शून्य भरावं. नोंद नाही म्हणजे बहुधा पाऊसच नसेल, आणि बेरीज तरी ऋण येणार नाही. कुणाचा विरोध आहे का?

हिशोबनीस: माझा आहे. एका जुलैत 28 दिवसांच्या नोंदी आहेत, बेरीज 560 मिमी, आणि तीन दिवस -999, असं धरा. तसंच बेरजेत घेतलं तर -2437 येतं आणि चूक लगेच दिसते. खरा धोका दीर्घ सरासरीत असतो. 30 जुलैंमध्ये एकच -999 राहून गेला तर सरासरी 33.3 मिमीने उतरते. 640 च्या जागी 607 दिसतं आणि कुणालाच शंका येत नाही. म्हणून सरासरी काढण्याआधी रोजच्या आकड्यांतला सर्वात लहान आकडा बघायचा. पाऊस ऋण नसतो, त्यामुळे शून्याखाली काहीही सापडलं तर ती खूण आहे.

शून्य भरल्याने ही खूणच पुसली जाते. मग कोरडा दिवस आणि नोंद नसलेला दिवस वेगळे करता येत नाहीत. घाटात तर मुसळधार पावसातच रस्ता बंद होतो, निरीक्षक मापकापर्यंत पोचत नाही. म्हणजे नेमका मोठा पाऊस तुम्ही शून्य करताय.

बागायतदार: आमच्या स्वयंचलित केंद्रातही असंच होतं. नरसाळ्यात पालापाचोळा अडकला की भर पावसात 0.0 येतं. सेन्सर साफ केला की -999 जातं.

हिशोबनीस: बागायतदार, तुमचा प्रकार वेगळा आहे. तिथे मापक चालू आहे आणि खोटं शून्य देतोय. ते शेजारच्या केंद्राशी ताडूनच कळतं. -999 मात्र माणसाने किंवा प्रणालीने मुद्दाम लिहिलेला संकेत आहे. साफसफाईने जुनी नोंद परत येणार नाही.

कोडकरी: एवढा वाद कशाला? -999 चं NaN करा, पांडाज बाकीचं सांभाळतं.

हिशोबनीस: अर्धं बरोबर. रोजची सरासरी काढताना NaN वगळलं जातं, ते ठीक. पण `sum()` सुद्धा NaN वगळतं, म्हणजे बेरजेत ते शून्यच ठरतं. अख्खा महिना रिकामा असला तरी उत्तर 0.0 येतं. म्हणून बेरजेसोबत नोंदींची संख्या हवीच:

```python
r = df["rain"].where(df["rain"] >= 0)
m = r.resample("MS").agg(["sum", "count"])
m.loc[m["count"] < m.index.days_in_month, "sum"] = float("nan")
```

`>= 0` मुळे -999, -999.9, -99.9 सगळेच पकडले जातात. आधी जाळीवर आंतरगणन झालेलं असेल तर मात्र सावध राहा. तीन शेजाऱ्यांच्या 12 मिमीत एक -999 मिसळला की -240.75 येतं. ते गाळलं जाईल, पण तिथला खरा पाऊसही गेलाच. -999 आंतरगणनाच्या आधीच काढायला हवा.

धागाकर्ता: पण एक दिवस नाही म्हणून अख्खा जुलै फेकायचा? 30 पैकी निम्मे जुलै जातील. त्यापेक्षा 560 भागिले 28 गुणिले 31, म्हणजे 620 धरतो.

पर्जन्यनोंद: थांबा, मधे एक गोष्ट राहतेय. निरीक्षक तीन दिवस आला नाही आणि चौथ्या दिवशी सकाळी 8:30 ला मापकात साचलेलं सगळं पाणी मोजलं, तर त्या दिवशीचे 96 मिमी चार दिवसांचे आहेत. मग 560 हीच पूर्ण बेरीज, आणि तुमचे 620 साठने जास्त. जागतिक हवामान संघटनेची मार्गदर्शिकाही हेच धरते: पावसाची मासिक बेरीज सर्व दिवस असतील तरच काढायची, किंवा राहिलेले दिवस नंतरच्या एकत्रित मापात आले असतील तर.

ओळखायचं कसं? खंडानंतरचा आकडा शेजारच्या दोन-तीन केंद्रांशी ताडा. त्यांचा चौथा दिवस 22 आणि चार दिवसांची बेरीज 90 च्या आसपास असेल, तर तुमचे 96 साचलेलेच. बेरीज वापरा, पण त्या दिवसाला अतिवृष्टीच्या यादीत घालू नका.

हिशोबनीस: मान्य. मात्र मोठ्या पावसात मापकातलं भांडं भरून वाहिलं असेल तर साचलेलं मापही कमीच असतं. घाटात ही शक्यता सोडता येत नाही.

कोडकरी: मग अशा जुलैत शेजारच्या केंद्रांवरून तीन दिवस भरणं बरं ना?

पर्जन्यनोंद: घाटमाथ्यावर दहा किलोमीटरवर पाऊस निम्मा होतो. माथ्यावरचाच शेजारी मिळाला तर भरा, आणि भरलेल्या दिवसापुढे तसं वेगळ्या रकान्यात लिहा. पायथ्याचं केंद्र चालणार नाही.

धागाकर्ता: माथ्यावर दुसरं केंद्र 1990 नंतरच सुरू झालंय. आधीच्या वर्षांचं काय करायचं, हे अजून उरतंच.