दसऱ्याला गिरणी सुरू झाली 🌼

बी-२०३ ताई: 📷 फोटो
आज दसऱ्याच्या मुहूर्तावर धाकट्या दिरांची पिठाची गिरणी सुरू झाली, पाथर्डी फाट्यावर. दारात आंब्याचं तोरण, दोन्ही चक्क्यांना झेंडूचे हार. फुलं पहाटे पंचवटीतून आणली, भाव विचारू नका 😄 दळण घेऊन या सगळ्यांनी.

ए-४०१: अभिनंदन!! पेढे कधी?

सी-१०२ काका: ताई, फार बरं वाटलं. माझ्या वडिलांची सिडकोत गिरणी होती, त्यामुळे फोटो मोठा करकरून पाहिला. चक्क्या छान बसवल्यात, वर जागा मोकळी ठेवलीय, उजेडही आहे. दिरांना माझा आशीर्वाद सांगा. फक्त उजवीकडच्या चक्कीचा हार पट्ट्याजवळ लोंबतोय, तो मोटर लावण्याआधी उतरवा. दोरा पट्ट्यात गेला आणि कोणी सोडवायला हात घातला, तर हातच ओढला जातो.
आणि दगड नवे आहेत ना? टाकीची कच आधी निघून जाऊ दे. थोडं धान्य नुसतं दळून टाकून द्या, ते पीठ गाईलाही नको. मग चिमूटभर दाताखाली धरून बघायचं. करकर लागली तर अजून दळायचं.

बी-२०३ ताई: हार उतरवायला सांगितला काका 🙏 कच काढलीय दुपारीच. पण गव्हाचं पीठ फार गरम येतंय.

सी-१०२ काका: मग दगड जास्त आवळलेत. पीठ बारीक यावं म्हणून नवा माणूस आवळतच जातो. जरा सैल करा, चपातीला तेवढं पुरतं. गिऱ्हाइकालाही सांगा, घरी गेल्यावर डब्याचं झाकण थोडा वेळ उघडं ठेवा. गरम पीठ कोंडलं की आत घाम धरतं आणि गाठी होतात.

ए-४०१: पापडाची नागली दळाल का? पेठहून आलीय, धुतलेली.

बी-२०३ ताई: हो, दुसऱ्या चक्कीवर. एकीवर फक्त गहू, दुसरीवर ज्वारी, बाजरी, नागली. पण कडकडीत वाळवून आणा, ओली असली तर दगडाला चिकटते.

डी-३०४ आजी: आणि उपासाचं? उद्या एकादशी. राजगिरा आहे माझा. गव्हावर दळलेला चालायचा नाही हो.

सी-१०२ काका: आजींचं बरोबर आहे. नुसतं झाडून भागत नाही, दगडाच्या खाचांत पीठ राहतंच. सकाळी चक्की साफ करून आधी मूठ-दोन मूठ भगर दळायची, ते पीठ बाजूला काढायचं, मग राजगिरा.

बी-२०३ ताई: आजी, तसंच करायला सांगते. उद्या पहिला नंबर तुमचा. आठ वाजता उघडतील.

डी-३०४ आजी: सव्वा किलो आहे. नातवाला पाठवते. पेढा त्याच्या हातात देऊ नका, वाटेतच संपवेल. डब्यात ठेवा 😀